नमुना ८ बघायला मिळावा म्हणून

आज आम्ही एका अर्जाबद्दल बोलणार आहोत. कर्जाचा नाही, घरकुलाचाही नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला अभ्यासासाठी ग्रामपंचायतीचं रजिस्टर बघायचं असेल, तर परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, तो अर्ज. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मुली आता बी. ए., एम. ए., समाजकार्य शिकतात. शेवटच्या वर्षाला त्यांना प्रकल्प असतो, आणि तो बहुतेक आपल्याच गावावर करायचा असतो. मग पोरगी कागद घेऊन पंचायतीत जाते आणि "उद्या ये" ऐकून परत येते.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचं असंच झालं. समाजशास्त्र घेऊन बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने विषय घेतला: गावातल्या घरांच्या नोंदीत बाईचं नाव किती ठिकाणी आहे. हा विषय तिला पुस्तकात सापडला नाही. गटाची बैठक त्यांच्या ओसरीवर होते, तिथे ती कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली असते. आमच्या एका सभासद ताईंना शिवणकामाचं दुकान टाकायला गटाबाहेरचं, स्वतःच्या नावावर कर्ज हवं होतं. बँकेने घराचा उतारा मागितला. उतारा काढला तर घर सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे वारून कितीतरी वर्षं झालेली. ताईंचं नाव नाही, त्यांच्या मालकांचंही नाही. त्या दिवशी बैठकीत एकीने विचारलं, "आपल्यातल्या कितीजणींचं नाव आहे गं उताऱ्यावर?" कुणालाच नीट सांगता आलं नाही. हाच प्रश्न पोरीने उचलला.

हा उतारा ज्या रजिस्टरातून निघतो त्याला नमुना ८ म्हणतात. ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. गावातल्या प्रत्येक घराची त्यात एक ओळ असते: मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव, घराचं वर्णन, आणि त्यावर बसलेली घरपट्टी. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि ही यादी नव्याने करतात. आपल्या राज्यात २००३ साली शासनाने सांगितलं की गावातल्या घराची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या नावे करावी. हे किती घरांत उतरलं, ते या एकाच वहीत मोजता येतं.

आता पोरीने पहिला अर्ज केला होता तो ऐका. विषय लिहिला होता, "प्रोजेक्टसाठी माहिती मिळणेबाबत". खाली चारच ओळी: मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी आहे, मला प्रोजेक्ट करायचा आहे, तरी आपल्या गावातील महिलांच्या मालमत्तेची सर्व माहिती मिळावी ही नम्र विनंती. अर्ज क्लार्कच्या टेबलावर ठेवला आणि ती घरी आली. तीन आठवडे झाले. विचारायला गेली तर म्हणाले, "वरून आदेश आणा." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. कॉलेजात प्रकल्प द्यायची तारीख जानेवारीच्या शेवटी होती, आणि नोव्हेंबर संपत आला होता.

ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. "मुद्दाम अडवतात," असं तिचं मत. आम्हाला तसं वाटलं नाही. अर्ज पुन्हा वाचा ना. "सर्व माहिती" म्हणजे काय? कुठल्या वहीतली, कुठल्या वर्षाची, द्यायची कशी, लिहून की झेरॉक्स करून? हो म्हणायचं ठरवलं तरी ग्रामसेवकाने नेमकं कशाला हो म्हणायचं, तेच त्या कागदात नव्हतं. अशा अर्जाला सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे तो पडू देणं.

म्हणून नवा अर्ज लिहायच्या आधी आम्ही दोघी-तिघी भाऊसाहेबांना जाऊन भेटलो. त्यांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात ते अजून भाऊसाहेबच. आम्ही अर्जाचा आग्रह धरला नाही. एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, हे रजिस्टर दाखवायला तुम्हाला अडचण कसली वाटते?"

त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. गावात दोन भावांचा घरावरून वाद चालू आहे, त्यातल्या एकाच्या ओळीचा फोटो बाहेर गेला तर दुसरा येऊन त्यांना जाब विचारणार. घरपट्टी कुणाची थकली आहे ते बाहेर पडलं तर निवडणुकीत त्याचाच विषय होणार. आणि पोरगी एकटी रजिस्टर घेऊन बसली, एखादं पान फाटलं किंवा कुणी पेनाने काही गिरवलं, तर जबाबदार कोण? दफ्तर त्यांच्या ताब्यात असतं, उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अर्जात यांची उत्तरं आधीच लिहिली तर समोरच्याचं निम्मं काम होतं. आमच्या मते अर्जाचा खरा मजकूर हाच. बाकीचं "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे सजावट आहे, असली तरी चालेल, नसली तरी चालेल.

मग आम्ही पोरीला घेऊन बसलो आणि आधी अर्ज न लिहिता वहीचं एक कोरं पान घेतलं. तुला नेमकं काय मोजायचं आहे? ती म्हणाली, घर एकट्या पुरुषाच्या नावावर, एकट्या बाईच्या नावावर, नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि इतर. इतर म्हणजे भाऊ-भाऊ, आई आणि मुलगा, देवस्थान, असं काहीही. चार रकाने झाले. त्यासाठी घरपट्टीचा आकडा लागतो का? नाही. थकबाकी लागते का? नाही. थकबाकी तर वेगळ्याच वहीत असते, कर मागणीच्या, म्हणजे नमुना ९ मध्ये. ती मागायचीच नाही. भाऊसाहेबांची एक भीती तिथेच गेली.

नावं लिहून घ्यायला लागतात का? इथे ती अडखळली. तिच्या सरांनी सांगितलं होतं की नावाऐवजी मालमत्ता क्रमांक लिही, म्हणजे ओळख लपते. शहरात लपत असेल. आपल्या गावात क्रमांकावरून घर कुणाचं ते शेंबडं पोरही सांगेल, कारण तो क्रमांक दारावरच्या पाटीवर असतो. म्हणून आम्ही ठरवलं, नावही नाही, क्रमांकही नाही. रजिस्टरातली एक ओळ वाचायची आणि चारांपैकी एका रकान्यात रेघ मारायची. दुधाच्या रतिबाला आपण मारतो तशी, चार उभ्या आणि पाचवी आडवी. वहीत राहतील फक्त रेघा. ती वही रस्त्यात पडली तरी कुणाच्या घरची गोष्ट बाहेर जाणार नाही. एक पथ्य मात्र आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी रेघांची बेरीज आणि त्या पानावरच्या ओळींची संख्या जुळवून बघायची. नाव-क्रमांक नसल्यामुळे मागाहून चूक शोधता येत नाही, ती त्या पानावरच सापडली पाहिजे.

वेळ किती लागेल, हाही हिशेब केला. आमच्या गावच्या रजिस्टरात सव्वाचारशेच्या आसपास नोंदी. नीट वाचून रेघ मारायला एका मिनिटाला एक नोंद धरली, तर सात तास. रोज दोन तास धरले तर चार दिवस, आणि तासभर जास्तीचा. अर्जात "काही दिवस" लिहिण्यापेक्षा "चार दिवस, दुपारी ३ ते ५" लिहिलं की ऑफिसलाही कळतं आपल्याला किती जागा आणि किती वेळ द्यायचा आहे. दुपार का? सकाळी दाखल्यांची गर्दी असते.

आणखी एक. गावची लोकसंख्या आणि एकूण कुटुंबं हेही ती ऑफिसकडे मागणार होती. ते मागायचं कारणच नाही. २०११ च्या जनगणनेचे गाववार आकडे छापलेले आहेत, जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात, कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर बघता येतात. जे बाहेर मिळतं ते अर्जात घातलं की अर्ज लांबतो आणि कामाचं मागणं त्यात बुडून जातं.

कॉलेजचं पत्रही बदलून आणायला लावलं. आधीचं पत्र इंग्रजीत होतं, "टू हूम इट मे कन्सर्न" असं वर लिहिलेलं. क्लार्कने ते वाचलंच नव्हतं, आणि त्याचा दोष आम्ही त्याला देत नाही. नवं पत्र मराठीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख घालून, थेट आपल्या ग्रामपंचायतीच्या नावाने, मार्गदर्शक सरांच्या आणि प्राचार्यांच्या सहीने आलं. त्यात एक ओळ आम्ही मागून घेतली: या विद्यार्थिनीने गोळा केलेल्या माहितीच्या वापराची जबाबदारी महाविद्यालयाची राहील. "जबाबदार कोण?" या प्रश्नाला हे उत्तर.

आता अर्ज वाचून दाखवतो. गाव, कॉलेज आणि नाव गाळलं आहे, ते तुम्ही आपापलं घाला.

प्रति,
मा. सरपंच / मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, (गाव, तालुका, जिल्हा)

विषय: बी. ए. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी नमुना ८ ची नोंदवही कार्यालयात बसून पाहण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: महाविद्यालयाचे पत्र, जावक क्रमांक व दिनांक (सोबत जोडले आहे).

महोदय,

मी याच गावची रहिवासी असून वरील महाविद्यालयात समाजशास्त्र विषयात बी. ए. च्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. "गावातील घरांच्या नोंदीत महिलांची नावे" या विषयावर मी प्रकल्प करीत आहे. त्यासाठी सध्या लागू असलेल्या आकारणीची नमुना ८ ची नोंदवही मला पाहावयाची आहे.

मला फक्त मालकाचे नाव व भोगवटादाराचे नाव हे दोन रकाने पाहावयाचे आहेत. कराची रक्कम, थकबाकी किंवा इतर कोणतीही नोंदवही मी मागत नाही. कोणत्याही व्यक्तीचे नाव किंवा मालमत्ता क्रमांक मी उतरवून घेणार नाही. पुरुष, महिला, पती-पत्नी संयुक्त व इतर अशा चार प्रकारांत किती नोंदी आहेत, एवढीच संख्या मोजणार आहे. मोजणीच्या कागदाचा नमुना सोबत जोडला आहे.

नोंदवही मी कार्यालयातच, आपण नेमून द्याल त्या कर्मचाऱ्यांसमोर पाहीन. मोबाईलने छायाचित्र घेणार नाही. नोंदवहीजवळ पेन वापरणार नाही, पेन्सिल वापरीन.

यासाठी दिनांक १५ ते १८ डिसेंबर या चार दिवसांत दुपारी ३ ते ५ ही वेळ मिळावी. ही वेळ कार्यालयास सोयीची नसल्यास आपण द्याल ती वेळ मला चालेल. माझा प्रकल्प जानेवारीअखेर सादर करावयाचा आहे.

प्रकल्प सादर करण्यापूर्वी त्यातील आकडे मी आपणास दाखवीन व पूर्ण अहवालाची एक प्रत कार्यालयास देईन. प्रकल्पात गावाचे नाव घालावे किंवा नाही, हे आपण सांगाल तसे करीन.

तरी वरीलप्रमाणे परवानगी द्यावी व तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, फोन)

सहपत्रे: १) महाविद्यालयाचे पत्र २) ओळखपत्राची झेरॉक्स ३) मोजणीच्या कागदाचा नमुना

प्रत माहितीसाठी: मार्गदर्शक प्राध्यापक, (महाविद्यालय)

एवढाच अर्ज. दोन बाजूंत मावतो.

यातल्या दोन-तीन ओळींबद्दल बोलायला हवं. विषयाच्या ओळीत "माहिती मिळणेबाबत" नाही, "नोंदवही कार्यालयात बसून पाहण्यास परवानगी" आहे. माहिती द्या म्हटलं की ऑफिसमधल्या कुणीतरी बसून ती काढायची, म्हणजे त्यांचं काम वाढलं. पाहू द्या म्हटलं की मोजायची मेहनत पोरीची, त्यांनी फक्त वही काढून द्यायची.

प्रत माहितीसाठी कुणाला, यावरून आमच्यात वाद झाला. पोरीच्या मामाचं म्हणणं, पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना प्रत टाका, म्हणजे इथे वचक बसेल. आम्ही नको म्हटलं. पहिल्याच अर्जात वरच्या साहेबांना प्रत पाठवली की भाऊसाहेबांना ती तक्रार वाटणार, आणि तक्रार नसताना तक्रारीचा वास कशाला? एका गावापुरतं काम आहे, परवानगी गावातच आहे. हाच अभ्यास तालुक्यातल्या पाच गावांत करायचा असता, तर मात्र आधी गटविकास अधिकाऱ्यांकडेच जावं लागलं असतं आणि त्यांचं पत्र घेऊन गावोगाव फिरावं लागलं असतं.

आणि सरपंचांचं नाव आधी का? दफ्तर सांभाळतात भाऊसाहेब, पण हा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला तर उद्या एखादा सदस्य म्हणेल, आम्हाला न विचारता दिलं कसं. पंचायतीची दरमहा सभा असते. अर्ज त्या सभेच्या विषयपत्रिकेत बसेल अशा बेताने आधी द्यावा. आमच्या पोरीचा अर्ज सभेच्या आठ दिवस आधी गेला. सभेच्या दुसऱ्या दिवशी दिला असता तर महिना गेला असता, आणि मग जानेवारीची तारीख कुठून गाठायची?

देताना दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. याला पोच म्हणतात, हे गटाच्या कागदांमुळे आपल्याला माहीत आहेच. क्लार्क म्हणाला, "ठेवा, मी सांगतो साहेबांना," तर हसून म्हणायचं, "दादा, कॉलेजला दाखवायला पोच लागते." कॉलेजचं नाव घेतलं की त्यालाही वाईट वाटत नाही.

काही जणी विचारतील, एवढं कशाला, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की झालं. त्याचंही सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद बघायलाही मागता येतो, प्रत घ्यायलाही मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, कारण सांगावं लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा असं आहे. उत्तर आलं नाही तर वर अपील आहे. रस्ता चांगला आहे, तो विसरू नका. पण एखाद्याची खासगी माहिती म्हणून तिथेही नकार येऊ शकतो, आणि नावांची वही असली की तो यायचा संभव जास्त. शिवाय पोरीला वही बघून झाल्यावर क्लार्कला विचारायचं असतं, हा शेरा म्हणजे काय, ही दोन नावं खाली-वर का. कायद्याने वही समोर येते, समजावून सांगणारा माणूस येत नाही. म्हणून आधी साधा अर्ज, पोच घेऊन. महिनाभर लेखी काहीच आलं नाही तर एक स्मरणपत्र, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक. त्यानंतरही काही नाही, तर मग माहितीचा अधिकार. पहिल्या अर्जातच त्याची धमकी घालू नका, एवढंच आमचं म्हणणं.

मासिक सभेत अर्ज वाचला गेला. एका सदस्याने विचारलं, "हे बायकांची नावं लावायला लावण्यासाठी आहे का?" सरपंचताईंनी मोजणीचा कागद उचलून दाखवला: चार रकाने, नावाला जागाच नाही. त्या कागदाने जे काम केलं ते अर्जाने केलं नसतं. तिसऱ्या दिवशी लेखी परवानगी आली, अटींसह. फोटो नाही, वही टेबलावरून हलवायची नाही, अहवाल आधी दाखवायचा. म्हणजे आपणच लिहिलेल्या गोष्टी त्यांच्या शिक्क्यासह परत आल्या. एक अट त्यांनी नवी घातली, चारऐवजी पाच दिवस घ्यावेत, कारण एका दुपारी भाऊसाहेबांची तालुक्याला बैठक होती.

मोजणी सुरू झाली आणि पहिल्याच दुपारी अडचण आली. काही ओळींत मालकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव आणि भोगवटादाराच्या रकान्यात बायकोचं. हे संयुक्त धरायचं का? पोरगी धरणार होती, आकडा चांगला दिसतो म्हणून. क्लार्कनेच सांगितलं, नको. भोगवटादार म्हणजे राहणारा. त्या घरात भाडेकरू असता तर तिथे त्याचं नाव आलं असतं. मालकाच्या रकान्यात दोन्ही नावं असतील तरच संयुक्त. मग तिने कागदावर पाचवा रकाना आखला, पण त्याआधी भाऊसाहेबांना विचारून, कारण परवानगी चार रकान्यांच्या कागदाला मिळाली होती. त्यांनी त्याच कागदावर "मान्य" लिहून सही केली.

दुसरी गोष्ट वहीत दिसतच नाही. एकट्या पुरुषाच्या नावावर जी घरं आहेत, त्यातले कितीजण हयात आहेत? आमच्या त्या ताईंच्या सासऱ्यांसारखे किती? रजिस्टर ते सांगत नाही. वारस नोंदीसाठी कुणी अर्ज केला नाही तर नाव तसंच राहतं. हे शोधायचं तर घरोघर विचारावं लागेल, आणि ती परवानगी ग्रामपंचायत देऊ शकत नाही. ती ज्या त्या घरच्या माणसाने द्यायची असते. म्हणून पोरीने ते काम गटांच्या बैठकांत केलं. जिला सांगायचं तिने सांगावं, नाव लिहायचं नाही. ते आकडे तिने अहवालात वेगळे ठेवले. सगळ्या गावच्या मोजणीत मिसळले नाहीत, कारण गटात नसलेल्या बायका त्यात नाहीत.

तिसरी मर्यादा सरांनी लिहायला लावली, आणि ती बरोबर आहे. नमुना ८ ही कराची वही आहे. घराच्या मालकीचा तो पक्का पुरावा धरत नाहीत. वहीत नाव आलं म्हणून घर नावावर झालं असं अहवालात म्हणायचं नाही, "नोंदीत नाव आहे" एवढंच म्हणायचं. आपल्या सभासदांनीही हे ध्यानात ठेवावं. पण नोंदीत नावच नसेल तर बँकेच्या दारात काय होतं, ते आपण बघितलं आहे.

अहवाल आता कॉलेजात गेला आहे. एक प्रत ऑफिसच्या कपाटात आहे, सरपंचताईंनी ती वाचली. येत्या ग्रामसभेच्या आधी जी महिलांची सभा होते, तिथे पोरीने आकडे स्वतः वाचून दाखवावेत असं त्यांनी सांगितलं आहे. गावाचं नाव छापायचं की नाही, तेही तिथेच ठरेल. आणि आमच्या शिवणकामवाल्या ताईंनी वारस नोंदीचा अर्ज दिला. दोन प्रती नेल्या होत्या. पोच त्यांनी गटाच्या पासबुकात घडी करून ठेवली आहे.

तुमच्या घरात कुणाला असा अर्ज करायचा असेल तर बैठकीला येताना मोजणीचा किंवा प्रश्नांचा कागद बरोबर आणा. तो आधी बघू, अर्ज मागाहून लिहू.